चंद्रभान सरांचा पाचवा प्रश्न

चंद्रभान मोहोड यांनी औषधशास्त्राचं पुस्तक सलग असं कधी वाचलं नव्हतं. तरी दर उन्हाळी परीक्षेच्या आधी अमरावतीतल्या राजापेठेत त्यांच्या वरच्या खोलीत डी. फार्मसीची पोरं मांडीला मांडी लावून बसत आणि त्यांना सर म्हणत. एकतीस वर्षं ते फार्मसी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकाच्या खुर्चीमागं उभं राहायचं, घंटा वाजवायची, पुढच्या मुलाला आत सोडायचं, चहा आणायचा, हे त्यांचं काम. परीक्षक काय विचारतो, मुलगा कुठं अडखळतो आणि कोणत्या उत्तराला परीक्षक मान हलवतो, हे ऐकता ऐकता त्यांना सगळं पाठ झालं. घरी येऊन ते वहीत उतरवून ठेवत. निवृत्त झाले तेव्हा अशा अकरा वह्या झाल्या होत्या. त्या वह्यांवर त्यांची शिकवणी सुरू झाली. मुलं आपसांत तिला व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, क्लास म्हणत.

एका औषधावर दुसऱ्या औषधाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न मुलांना सगळ्यात नडायचा. चंद्रभान सरांनी त्याला चार खुंट्या ठोकून दिल्या होत्या. कोण? कोणाले? काहून? मंग काय? म्हणजे कोणतं औषध त्रास देतं, कोणत्या औषधाला देतं, कसं देतं आणि गिऱ्हाइकाला आपण सांगायचं काय. मुलानं उभं राहायचं, हात समोरच्या टेबलावर ठेवायचा, जसा दुकानाच्या काउंटरवर ठेवतात तसा, आणि चारही खुंट्यांवर उत्तर टांगायचं. पाचवं वाक्य बोलायचं नाही. "जास्त बोललं की परीक्षक त्यातूनच पुढचा प्रश्न काढते," असं ते बजावत.

लिव्हर म्हणजे कापसाची जिन, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. अमरावती-अकोल्याच्या पोरांना जिन समजावून सांगावी लागत नाही. औषध म्हणजे कापसाच्या गाड्या. जिन चालते तशी सरकी निघून कापूस बाहेर पडतो. काही औषधं येतात आणि जिनमध्ये जास्तीच्या मशिनी लावतात. मग दुसऱ्या औषधाचा कापूस भराभर संपतो, अंगणात, म्हणजे रक्तात, काही उरत नाही, औषध लागू पडत नाही. काही औषधं मशीन अडवतात. मग अंगणात ढीग साचतो आणि औषध अंगावर येतं. पहिल्या टोळीत कार्बामाझेपिन, रिफाम्पिसिन, फेनिटॉईन, फिनोबार्बिटोन. दुसरीत सिमेटिडिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन, केटोकोनॅझोल, मेट्रोनिडॅझोल. पहिल्या अक्षरांवरून सरांनी ओळ बांधली होती आणि सगळा वर्ग ती एका सुरात म्हणायचा: कारिफेफि जिन पळवते, सिसिएकेमे जिन अडवते.

त्या रविवारी सकाळी सहा मुलं आली होती. बुधवारी परीक्षा होती. शेवटच्या रविवारी एक रीत असे. प्रत्येकानं घरातल्या एका माणसाची औषधाची पिशवी आणायची, आणि तिच्यावरच व्हायवा द्यायची.

अंकुर आधी उभा राहिला. आजोबांच्या पिशवीत टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल होत्या.

"कोण?"

"दूध, सर."

"कोणाले?"

"टेट्रासायक्लिनले. दुधातलं कॅल्शियम त्याले धरून ठेवते. न विरघळणारी जोडी बनते, आतड्यातून रक्तात शिरत नाही. ॲसिडिटीच्या औषधानंही तसंच होते. मंग काय, तर दोन तासांचं अंतर ठेवा म्हणायचं."

"आजोबाले सांगतलं का हे?"

"सांगतलं ना. ते म्हणे, चाळीस वर्षं दूध पिऊन राहिलो, आता तू शिकव मले."

खोली हसली. प्राजक्ताकडं छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी होती. तिच्यासोबत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, घेतलं तर दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात आणि रक्तदाब एकदम कोसळतो, हे ती खाली मान घालून एका दमात बोलून गेली. अंकुर मागून म्हणाला, "सर, याचं गिऱ्हाईक चिठ्ठी आणत नाही, कानात येऊन मागते."

"म्हणूनच त्याले विचारायचं, छातीची गोळी चालू हाये का. तू कानात विचार." सर म्हणाले.

मग पौर्णिमा उठली. ही मुलगी अकोल्याच्या पुढं पातूर रस्त्यावरच्या एका खेड्यातली. बाप किसनराव भाजीपाला पिकवून अकोल्याच्या बाजारात विकणारा. मागच्या वर्षी ती याच तोंडी परीक्षेत नापास झाली होती. अभ्यास नव्हता म्हणून नव्हे. परीक्षकानं दुसरा प्रश्न टाकला की तिची वाचा बसायची. यंदा ती राजापेठेतच खोली घेऊन राहिली आणि वर्षभर सरांकडं आली. टेबलावर तिनं एक निळी फाईल आणि प्लॅस्टिकची पिशवी ठेवली.

"माझी आई, शकुनबाई. सात वर्षांपूर्वी हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला. धातूचा हाये. त्याच्यावर रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन चालू हाये. मंग मागच्या वर्षी मानेत गाठी आल्या, टीबी निघाला."

"कोण?"

"रिफाम्पिसिन."

"कोणाले?"

"वॉरफॅरिनले."

"काहून?"

"रिफाम्पिसिन कारिफेफितलं. लिव्हरच्या जिनमध्ये जास्तीच्या मशिनी लावते. वॉरफॅरिन लवकर संपते. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ हाये ते सांगणारा आकडा, खाली येते. व्हॉल्व्हवर गाठ धरायची भीती."

"मंग काय?"

"वारंवार आयएनआर तपासून डॉक्टरनं वॉरफॅरिन वाढवायचं. आईचं चार मिलिग्रॅमवरून नऊवर नेलं. आणि पेशंटले सांगायचं की लघवी, घाम, आसवं लाल-नारिंगी होतील, घाबरू नका. आईची लघवी अजूनही लाल होते सर. सुरुवातीले आई दोन दिवस जेवलीच नाही घाबरून. मीच समजावलं तिले."

एकदाही अडखळली नाही. सरांनी वर्षभर ज्याची वाट पाहिली होती ते आज घडलं होतं. "दहापैकी दहा," ते म्हणाले. "हे उत्तर मी मॉडेल वहीत उतरवणार. पाह्यलं का अंकुर, असं बोलावं." पौर्णिमाच्या चेहऱ्यावर लाज आणि आनंद दोन्ही आले. आईची फाईल घरी पोचवायची म्हणून ती अकराच्या बसनं अकोल्याला निघाली. मंगळवारी परत येते म्हणाली. जाताना सरांनी नेहमीची ताकीद दिली, "आता बुधवारपर्यंत फोन बंद. इकडची पोरं फोन करून करून एकमेकांचं डोकं खराब करतात."

तिनं त्यांच्यासमोरच फोन बंद केला.

दुपारी जेवण झाल्यावर सर बारावी वही घेऊन बसले. पौर्णिमानं आपली केस एका कागदावर नीट लिहून दिली होती. त्यांनी रकाने पाडले, कोण, कोणाले, काहून, मंग काय, आणि उतरवू लागले. रुग्णाचं नाव. व्हॉल्व्हचं वर्ष. टीबीचे उपचार सुरू झाल्याची तारीख. उपचार पूर्ण झाल्याची तारीख. वॉरफॅरिन, सध्या नऊ मिलिग्रॅम. लघवी लाल, रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नये.

"घाबरू नये" लिहून झालं आणि पेन तिथंच राहिलं. त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली. उपचार पूर्ण झाल्याची तारीख. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. सव्वीस.

सव्वीस दिवस जी गोळी पोटात गेली नाही, ती आज लघवी लाल करीत नाही. तो रंग दोन-तीन दिवसांत जातो, हेही याच वह्यांत कुठंतरी होतं. मग शकुनबाईंच्या लघवीत काय होतं?

सकाळची पिशवी त्यांना डोळ्यांसमोर दिसली. वॉरफॅरिनची पाकिटं होती. टीबीची गोळी नव्हती. ती नव्हती हे त्यांनी पाहिलं होतं आणि दहापैकी दहा दिले होते.

मग त्यांना आपलीच जिन आठवली. जास्तीच्या मशिनी लावणारा निघून गेला. मशिनी काही त्याच दिवशी निघत नाहीत, पण दोन-तीन आठवड्यांत एकेक करून बंद पडतात. आणि गाड्या? गाड्या दुपटीनंच येत राहिल्या. चारच्या ठिकाणी नऊ. त्या बाईच्या अंगणात कापसाचा ढीग लागला होता, रक्त पाण्यासारखं झालं होतं. कोणत्याही परीक्षकानं त्यांच्या देखत हा प्रश्न विचारला नव्हता. टीबीचं औषध संपलं, आता काय? म्हणून तो अकरा वह्यांपैकी एकीतही नव्हता.

पौर्णिमाचा फोन बंद. सरांनीच करायला लावलेला.

क्लासच्या फॉर्मवर पालकाचा नंबर होता. किसनराव बाजारात असावेत, मागं भाजीच्या भावाची ओरड ऐकू येत होती.

"किसनराव, मी चंद्रभान मोहोड बोलतो, पौर्णिमाचे सर. वहिनीले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. लघवीतून रक्त जाऊन राहिलं."

"रक्त नाही जी ते. टीबीच्या गोळीचा रंग. सहा महिन्यांपासून हाये, मधात थोडा कमी झाला होता."

"गोळी बंद होऊन सव्वीस दिवस झाले."

"आता पहा सर, आमी अडाणी माणसं. आमी घाबरलो होतो, तर पोरीनंच सांगतलं का घाबरायचं नाही म्हणून. ते शिकून राहिली ना तुमच्याजवळ. गुरुवारी हार्टच्या डॉक्टरची तारीख हाये. पोरीची परीक्षा झाली का नेतो."

"गुरुवार फार दूर आहे."

"चारच दिवस तं आहेत," किसनराव म्हणाले आणि कोणाला तरी पाव किलो मिरची तोलू लागले. फोन बंद झाला.

चंद्रभान सरांच्याच शब्दांनी त्यांची वाट अडवली होती. मुलीनं घरी नेऊन ते शब्द इतके नीट पेरले होते की आता उपटणं कठीण. त्यांनी सदरा घातला, बायकोला, लीलाबाईंना, "अकोल्याले जाऊन येतो" एवढंच सांगितलं.

"या उन्हात? काहून?"

"पेपर तपासाचा राहिला एक."

बसमध्ये खिडकीतून येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा होता. मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली, ती दहा मिनिटं त्यांना काढवली नाहीत. मनात एकेक बॅच उभी राहत होती. काउंटरवर हात ठेवून उभी असलेली पोरं. कोण बडनेऱ्याला दुकानात, कोण परतवाड्याला, कोण धारणीला. सगळ्यांनी चार खुंट्यांवर उत्तर टांगलेलं. पाचवं वाक्य बोलू नका, असं त्यांनीच सांगितलेलं.

अकोल्याहून रिक्षा करून ते गावात पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. शकुनबाई ओसरीवर सावलीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. पन्नाशीच्या आतली बाई, पण चेहरा पांढुरका पडलेला. कोपरापासून मनगटापर्यंत काळे-निळे डाग.

"हे काय झालं वहिनी?"

"टोपलं लागलं जी. आजकाल काहीही लागलं का डाग पडते. बसा, पाणी देते."

"दात घासताना रक्त येते का?"

"येते थोडं. ब्रश कडक हाये."

"डोकं दुखते?"

"कालपासून. ऊन किती हाये पहा ना."

पौर्णिमा आतून आली. हातात अभ्यासाची वही. "सर? तुमी इथं?"

सरांनी तिला बसू दिलं नाही. त्यांना दुसरी कुठलीही रीत येत नव्हती. "पौर्णिमा, टीबीचा कोर्स कधी संपला?"

तिनं तारीख सांगितली.

"गोळी बंद झाल्यावर लाल रंग किती दिवस राहते?"

"दोन-तीन दिवस."

"मंग आज सकाळी तू जे लाल सांगतलं, ते काय हाये?"

पौर्णिमाचा हात नकळत जवळच्या खांबावर टेकला. मागच्या वर्षी परीक्षकासमोर बसली होती तशीच तिची वाचा बसली. शकुनबाई एकदा मुलीकडं, एकदा सरांकडं पाहत होत्या, हातातली जुडी अर्धी बांधलेली.

"बोल," सर हळू म्हणाले. "मी घंटा वाजवत नाही."

"रक्त," पौर्णिमा म्हणाली. मग आईकडं वळून पुन्हा, "आई, ते रक्त हाये. मी तुले खोटं सांगतलं."

"तू काहून खोटं बोलशील?" शकुनबाई म्हणाल्या. त्यांना एवढंच समजलं की मुलगी रडते आहे.

शेजाऱ्याची रिक्षा काढली. वाटेत पौर्णिमानं आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिचे दोन्ही हात त्या डोक्याभोवती घट्ट होत होते. सरकारी दवाखान्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "काय होतंय?" चंद्रभान सर तोंड उघडणार होते, पण पौर्णिमा पुढं झाली.

"धातूचा मायट्रल व्हॉल्व्ह. वॉरफॅरिन नऊ मिलिग्रॅम. आधी चार होतं, रिफाम्पिसिनमुळे वाढवलं. रिफाम्पिसिन बंद होऊन सव्वीस दिवस झाले, वॉरफॅरिन कमी केलं नाही. शेवटचा आयएनआर कोर्स संपायच्या पंधरा दिवस आधीचा. लघवीतून रक्त, हिरड्यांतून रक्त, अंगावर डाग, कालपासून डोकेदुखी."

डॉक्टरनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. "आजचा डोस दिला का?"

"नाही. संध्याकाळी असते."

"देऊ नका." त्यानं लगेच रक्त काढायला लावलं आणि डोक्याच्या सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिली. शकुनबाईंचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा होता. नऊच्या वर आला. डोक्यात रक्तस्राव नव्हता. डॉक्टरनं वॉरफॅरिन थांबवलं, व्हिटॅमिन के दिलं, तेही बेतानंच. "जास्त दिलं तर व्हॉल्व्हवर गाठ धरेल," तो किसनरावांना म्हणाला. ते तोवर बाजारातूनच आले होते, हाताला मिरचीचा वास होता. "इकडंही पडायचं नाही, तिकडंही नाही. काही दिवस इथंच राहावं लागेल."

किसनराव भिंतीकडं पाहत सरांना म्हणाले, "पोरीले शाबासकी दिली म्हणे सकाळी तुमी."

"दिली."

"कशाची?"



बुधवारी पौर्णिमा दवाखान्यातूनच अमरावतीला आली आणि परीक्षा देऊन दोन तासांत परत निघाली. बसस्टँडवर तिला सोडायला सर गेले. परीक्षकानं सिप्रोफ्लॉक्सासिन आणि दम्याचं थिओफायलिन विचारलं होतं. "चार खुंट्या सांगतल्या," ती म्हणाली. "मंग मीच पुढं बोलली, सिप्रो संपल्यावर थिओफायलिनचा डोस पुन्हा पाहावा लागते म्हणून. ते म्हणे, एवढं विचारलं नव्हतं."

"मान हलवली का त्यांनी?"

"नाही पाह्यलं, सर." आईचा आकडा आता साडेतीनपर्यंत उतरला होता, पण लघवी अजून पूर्ण साफ नव्हती, आणि आई रात्री झोपेत बोलते, असं पौर्णिमा म्हणाली. बस सुटली.

घरी येऊन चंद्रभान सरांनी बाराव्या वहीचं पान उघडलं. "घाबरू नये" तसंच होतं. खोडलं नाही. शेजारी पट्टी धरून पाचवा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं: थांबवल्यावर काय? मग त्यांनी फोन काढला. जुन्या-नव्या बॅचेसचा एक ग्रुप होता, त्यात एरवी दिवाळीच्या शुभेच्छांखेरीज काही येत नसे. त्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं की कारिफेफितलं औषध बंद झालं तर जास्तीच्या मशिनी दोन-तीन आठवड्यांत बंद पडतात, दुसऱ्या औषधाचा वाढवलेला डोस तसाच राहिला तर अंगावर येतो, म्हणून असं गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारा, आधीचं कोणतं औषध नुकतंच संपलं, आणि डॉक्टरकडं परत पाठवा. हे मी तुम्हांला शिकवलं नव्हतं. चूक माझी आहे.

थोड्या वेळानं उत्तरं येऊ लागली. कोणी हात जोडलेली चित्रं पाठवली. यंदाच्या, व्हायवा अजून बाकी असलेल्या एका मुलानं विचारलं, "सर, हे परीक्षेले येते का?" अंकुरनं त्याला काहीतरी खरमरीत लिहिलं.

मग धारणीहून अश्विनचा निरोप आला, ग्रुपवर नव्हे, एकट्या सरांना. आठ वर्षांपूर्वीच्या बॅचचा मुलगा. तिथं त्याचं स्वतःचं औषधाचं दुकान होतं. "सर, आमच्याकडं एक माणूस वॉरफॅरिन न्यायचा. त्यालेही टीबी झाला होता, कोर्स पुरा केला होता. मार्चमध्ये एकदम गेला. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणत होते. शेवटची पाकिटं मीच दिली होती. वाढवलेल्याच डोसची. सर, हे तेच होतं का?"

चंद्रभान सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लीलाबाई दारातून म्हणाल्या, "जेवून घ्या ना." त्यांनी नुसताच हात वर करून थांबायला सांगितलं.

आयुष्यभर त्यांनी प्रत्येक प्रश्नाला चार ओळींचं उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी एकदा लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. शेवटी ते लिहू लागले, "अश्विन, असू शकते. तुले विचारायचं मी शिकवलं नव्हतं," आणि पाठवायच्या आधी त्यांनी मधलं "असू शकते" काढून टाकावं की ठेवावं या विचारात बराच वेळ बोट तसंच धरून ठेवलं. मग ते शब्द राहू दिले, आणि निरोप पाठवला.